कपडे बदलले, पण आरशात जुनेच: प्रतिबिंब जुळत नाही तेव्हा काय करायचं

बुटीकवाल्यांकडून आणि घरून साड्या विकणाऱ्या ताईंकडून फोटो दुरुस्तीला येतात, त्यात एक तक्रार ठरलेली असते. फोटोतल्या मुलीची हिरवी साडी राणी कलरची करून घेतली, झाली पण सुरेख, आणि मागच्या आरशात ती अजून हिरव्याच साडीत उभी आहे. किंवा दोन्हीकडे साडी राणी कलरची झाली, पण बाहेर काठावर पोपट आणि आरशात नुसती सोनेरी पट्टी. दुकानाच्या काचेसमोर काढलेल्या फोटोंची गत याहून वाईट, कारण तिथे बदललेला कपडा काचेवर स्टिकर चिकटवल्यासारखा दिसतो.

पुन्हा पुन्हा ‘जनरेट’चं बटण दाबून हे सुटत नाही. कधीतरी जमल्यासारखं वाटतं, मग लक्षात येतं की पदर भलत्याच खांद्यावर गेलाय. असं होतं याचं कारण सरळ आहे: कपडे बदलणाऱ्या एआय टूलला आरसा म्हणजे काय ते भूमितीने कळत नाही. त्याच्या लेखी फोटोत दोन बायका आहेत, एक जवळ आणि एक लांब. तुम्ही एकीवर मास्क लावलात, म्हणजे बदलायचा भाग रंगवून दाखवलात, तिचे कपडे बदलले. दुसरीचा विषयच निघाला नाही. तेव्हा दुसरी म्हणजे पहिलीच, हे आपल्यालाच सांगावं लागतं, आणि ते कसं सांगायचं हे फोटो कोणत्या प्रकारचा आहे त्यावर ठरतं.

नुसतं प्रतिबिंब असेल तर

नेहमीच्या मिरर सेल्फीत फोन हातात, समोर आरसा आणि फोटोत फक्त आरशातली व्यक्ती असते. इथे जुळवायला दुसरी आकृती नसतेच. फक्त डावं-उजवं सांभाळायचं. साडीचा पदर डाव्या खांद्यावर असतो. समोरून काढलेल्या साध्या फोटोत तो फोटोच्या उजव्या बाजूला दिसतो, आरशात मात्र डाव्या बाजूला. तयार फोटो पाहून शिकलेल्या टूलला पदर फोटोच्या उजवीकडे टाकायची सवय असते. आरशातल्या फोटोत त्याने तसं केलं की आपली मराठी बाई गुजराती पद्धतीचा उजवा पदर घेऊन उभी राहते. शर्टाचंही तेच. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते, आरशात ती उलटी दिसायला हवी. टी-शर्टवरची अक्षरं तर सगळ्यांनाच दिसतात.

यावरचा उपाय अगदी सोपा आहे. फोटो आधी आडवा उलटा करा, म्हणजे `Flip Horizontal`. आता तो साध्या फोटोसारखा झाला. कपडे बदला आणि पुन्हा उलटा करा. पदर, बटणं, अक्षरं सगळं आपोआप जागेवर येतं. एवढंच पाहा की फोनने फोटो साठवताना स्वतःच उलटा केलेला नाही ना. काही फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्यासाठी तशी सेटिंग असते. मागे भिंतीवर कॅलेंडर किंवा डब्यावर लेबल असेल तर त्यावरची अक्षरं वाचून लगेच कळतं.

व्यक्ती आणि आरसा दोन्ही दिसत असतील तर

खरी कटकट इथे आहे. मैत्रीण मागे उभी राहून फोटो काढते. फोटोत मुलीची पाठ दिसते आणि समोरच्या उभ्या आरशात तिचा चेहरा. म्हणजे एकाच साडीच्या दोन वेगळ्या बाजू एकाच फोटोत. त्यामुळे बाहेरची साडी कॉपी करून, उलटी करून आरशात चिकटवता येत नाही. आरशात निऱ्या दिसतात, बाहेर दिसत नाहीत. बाहेर पाठीवरून सुटलेला पदर दिसतो, आरशात तो खांद्याशी संपतो.

काम सुरू करण्याआधी एक तपासणी करून घ्या. ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वात उपयोगाची वाटते, आणि फार कमी लोक ती करतात. वस्तूवरचा कुठलाही बिंदू आणि आरशातला त्याचा जोडीदार जोडणारी रेषा आरशाला काटकोनात असते. अशा सगळ्या रेषा एकमेकींना समांतर असतात, आणि समांतर रेषा फोटोत एका बिंदूकडे धावतात. हा बिंदू कोणता? फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची लेन्स आरशात जिथे दिसते तोच. कारण कॅमेऱ्यापासून त्याच्याच प्रतिबिंबाकडे जाणारी रेषाही आरशाला काटकोनातच असते.

प्रत्यक्षात कसं करायचं? फोटो मोठा करून आरशातल्या फोनची लेन्स शोधा. नव्या लेयरवर त्या लेन्सपासून एक सरळ रेघ मुलीच्या कानातल्या झुमक्यापर्यंत ओढा. तिच्या खऱ्या झुमक्यावरून जाणारी ती रेघ आरशातल्या त्याच झुमक्यावरूनही गेली पाहिजे. कोपरावरून, बांगडीवरून, खांद्यावरच्या पदराच्या कडेवरून अशाच रेघा ओढा. मूळ फोटोत त्या सगळ्या बरोबर बसतात. आता कपडे बदललेला फोटो त्याच रेघांखाली ठेवा. बाहीची कड बाहेर कोपराच्या वर आली आणि आरशात कोपराच्या खाली, तर रेघ लगेच चुकते. डोळ्याला ‘काहीतरी खटकतंय’ एवढंच जाणवत होतं, ते नेमकं कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येतं.

फोटो काढणारी मुलीच्या आड लपलेली असेल, किंवा लेन्स फोटोच्या चौकटीबाहेर असेल, तरी अडत नाही. न बदललेल्या दोन जोड्या घ्या, समजा बांगडी आणि तिचं प्रतिबिंब, चप्पल आणि तिचं प्रतिबिंब. दोन्ही रेघा वाढवा. त्या जिथे एकमेकींना छेदतील तोच तो बिंदू. फक्त फोनच्या अतिरुंद लेन्सने, म्हणजे ०.५ वर ठेवून काढलेल्या फोटोत कडेकडेच्या रेघा थोड्या वाकतात, तिथे केसभर फरक सोडून द्यावा.

दुसरी गोष्ट आकाराची. समजा कॅमेरा आरशापासून 2 मीटरवर आहे आणि मुलगी 60 सेंटिमीटरवर. मग कॅमेऱ्यापासून मुलगी 140 सेंटिमीटरवर आली. तिचं प्रतिबिंब मात्र आरशाच्या मागे 60 सेंटिमीटरवर असल्यासारखं दिसतं, म्हणजे कॅमेऱ्यापासून 260 सेंटिमीटरवर. 140 भागिले 260, साधारण 0.54. बाहेर साडीचा काठ 44 पिक्सेल रुंद असेल तर आरशात तो 24 च्या आसपास हवा. अंतरं माहीत नसतात, पण ती लागतही नाहीत. मूळ फोटोत डोक्याची रुंदी बाहेर किती आणि आरशात किती ते मोजा, तेच गुणोत्तर. डोक्याला आपण हात लावलेला नसतो, त्यामुळे ते खरं बोलतं. पाठ कॅमेऱ्याला जवळ असते आणि पोट आरशाला जवळ, म्हणून हा हिशेब ढोबळ आहे, पण दुपटीतिपटीच्या चुका पकडायला पुरतो.

काठावरचे पोपट आरशात वितळतात त्याचं काय

हे 24 पिक्सेलच मुळावर येतात. स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेलं फोटोवर थेट काम करत नाहीत. त्याच्या SD 1.5 आणि SDXL या दोन्ही आवृत्त्या चित्राची लांबी-रुंदी आधी 8 पट लहान करतात आणि त्या लहान रूपात चित्र घडवतात. 24 पिक्सेलचा काठ तिथे जेमतेम 3 चौकटींचा उरतो. 3 चौकटींत मुनिया काठावरचा पोपट कसा बसणार? सोनेरी चिखल होतो. बाहेरचा काठ 44 पिक्सेलचा असल्याने तिथे निदान पोपटासारखं काहीतरी उमटतं. दोन्हीकडे नक्षी वेगळी दिसण्याचं अर्धं कारण हेच.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे दोन आकृत्या दोन वेगळ्या खेपांत बदलणं. तेच वाक्य लिहिलं तरी प्रत्येक खेपेला टूल नवा कपडा विणतं. राणी रंगाच्या पन्नास छटा आहेत, त्यातली तीच पुन्हा निघेल याची खात्री नाही. बियाणं, म्हणजे `Seed`, तेच ठेवलं तरी मास्कचा आकार आणि आजूबाजूचं चित्र बदललं की निकाल बदलतो. वर `Inpaint area` जर `Only masked` वर असेल, तर टूल मास्कभोवतीचा चौकोन कापून फक्त तेवढाच पाहतं. तुम्ही एकट्या आरशावर मास्क लावलात तर बाहेर नवी साडी कशी झालीय हे त्याला दिसतच नाही.

तेव्हा दोघींना एकत्र बसवायचं, आणि तेही सारख्या मापाने. मी असं करतो. एक नवा रिकामा कॅनव्हास घ्यायचा, SDXL साठी 1024 बाय 1024 चा, करडा रंग भरलेला. मूळ फोटोतली बाहेरची आकृती मानेपासून पायापर्यंत कापून डाव्या अर्ध्यात ठेवायची. आरशातली आकृती कापून, मोठी करून, आडवी उलटी करून उजव्या अर्ध्यात. मघाच्या गुणोत्तराप्रमाणे ती 1 भागिले 0.54, म्हणजे साधारण 1.85 पट मोठी केली की दोघी सारख्या उंचीच्या होतात. मध्ये बोटभर करडी पट्टी राहू द्यायची. आता समोर आहे ते कॅटलॉगच्या पानासारखं चित्र: एकच बाई, डावीकडे पाठ, उजवीकडे समोरचा भाग. उलटं केल्यामुळे समोरच्या आकृतीत पदर फोटोच्या उजवीकडे आलाय, म्हणजे टूलला ज्याची सवय आहे तसाच.

दोन्ही साड्यांवर एकच मास्क लावायचा आणि एकाच खेपेत बदलायचं. वर्णनात साडी, काठ, ब्लाउज यांचा रंग-पोत लिहायचा आणि ‘एकाच स्त्रीची मागची आणि पुढची बाजू’ हे स्पष्ट लिहायचं. एकाच चित्रात असलेल्या गोष्टी एकमेकींशी जुळवून घेण्याचा या मॉडेलांचा कल असतो, तो इथे कामी येतो. नुसता रंग आणि काठ बदलायचा असेल तर `Denoising strength` 0.5 च्या आसपास ठेवावी, म्हणजे मूळ निऱ्या आणि घड्या टिकतात. ती 0.8 च्या वर गेली की टूल स्वतःच्या मनाने साडी नेसवायला लागतं, आणि मग दोन आकृत्यांतल्या कडा लेन्सच्या रेघांवर बसण्याची आशा सोडून द्यावी. साडीचा ड्रेस करायचा असेल तर आकडा वाढवावाच लागतो. अशा वेळी चारपाच निकाल काढून रेघांवर सर्वात बरा बसेल तो घ्यावा.

मग उलट प्रवास. उजवी आकृती पुन्हा उलटी करायची, 0.54 पट लहान करायची आणि आरशात मूळ जागी बसवायची. मूळ फोटोतली बोटं, केस, आरशाची चौकट या गोष्टी वरच्या लेयरवर जशाच्या तशा ठेवायच्या. कापताना मूळ जागेचे आकडे लिहून ठेवले असतील तर हे दोन मिनिटांचं काम आहे, नाहीतर पिक्सेल पिक्सेल सरकवत बसावं लागतं. मुनिया काठावरचे पोपट एकाच दिशेला तोंड करून असतील तर परत बसवल्यावर तेही पाहा: हातात साडी धरल्यावर दिसतील त्याच्या उलट दिशेला आरशातले पोपट बघत असले पाहिजेत. नारळी काठ असेल तर हा प्रश्न नाही, तो दोन्हीकडून सारखाच.

एवढं झाल्यावरही आरशातली साडी बहुधा जरा जास्तच टवटवीत दिसते. साधा आरसा थोडा प्रकाश खातो, आणि काचेत लोहाचा अंश असल्याने किंचित हिरवट झाकही देतो. ती झाक अंदाजाने देऊ नका. मूळ फोटोत एकच वस्तू बाहेरही दिसते आणि आरशातही, अशी शोधा. दाराची पांढरी चौकट उत्तम. दोन्हीकडच्या रंगाचे आकडे ड्रॉपरने वाचा आणि तेवढाच फरक `Curves` ने आरशातल्या साडीला द्या. चौकट दोन्हीकडे सारख्याच उजेडात आहे ना, एवढं पाहून घ्या. एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला ट्यूबलाइट असेल तर पाठ आणि पोट यांचा उजेड मुळातच वेगळा असतो, आणि तो फरक आरशाच्या खात्यावर टाकायचा नसतो.

दुकानाची काच: इथे प्रतिबिंब झाकत नाही, मिसळतं

आरशाचं तंत्र जसंच्या तसं काचेला लावलं की स्टिकर होतो. आरशात प्रतिबिंबाच्या मागे काही नसतं. काचेत असतं. पुण्यातल्या लक्ष्मी रोडवर कुठल्याही साडीच्या दुकानासमोर उभे राहा, तुमच्या प्रतिबिंबातून आतला पुतळा दिसतो. काचेतून येणारा आतला प्रकाश आणि काचेवरून परतणारा बाहेरचा प्रकाश यांची डोळ्यात, आणि कॅमेऱ्यात, बेरीज होते.

किती परततो? साध्या एकपदरी काचेवर सरळ समोरून पाहिलं तर दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे 8 टक्के. तिरपं पाहत गेलं की हे प्रमाण वाढतं, आणि काचेला लागून पाहिलं तर ती जवळपास आरशासारखीच वागते. म्हणून काचेच्या लांबलचक भिंतीशेजारून काढलेल्या फोटोत जवळचं प्रतिबिंब फिकट आणि लांबचं ठळक असतं. नव्या कपड्याचं प्रतिबिंब सगळीकडे सारखंच ठळक ठेवलं तर खटकतं ते यामुळे.

आता एक उदाहरण पूर्ण करू. मुलगी पांढऱ्या कुर्त्यात काचेसमोर उभी आहे, काचेमागे लाल साडी लावलीय, आणि कुर्ता गडद निळा करून हवाय. आकडे सोयीचे घेतो. बाहेर सावलीत 10,000 लक्स उजेड, दुकानात 500 लक्स. पांढरा कुर्ता अंगावर पडलेल्या उजेडाचा 80 टक्के भाग परत फेकतो. काच त्यातला 8 टक्के आपल्याकडे पाठवते. 10,000 गुणिले 0.8 गुणिले 0.08 म्हणजे 640. आतली लाल साडी 20 टक्के परत फेकते आणि काच त्यातलं 90 टक्के बाहेर सोडते: 500 गुणिले 0.2 गुणिले 0.9 म्हणजे 90. त्या जागी कॅमेऱ्याला एकूण 730 मिळतात, त्यात साडीचे 90. म्हणून पांढऱ्या कुर्त्याच्या प्रतिबिंबात साडी जवळपास दिसत नाही.

निळा कुर्ता समजा 5 टक्केच परत फेकतो. 10,000 गुणिले 0.05 गुणिले 0.08, फक्त 40. साडीचे 90 तसेच राहतात. एकूण 130. म्हणजे आता तिथे कुर्त्यापेक्षा साडीच जास्त दिसायला हवी! नेमकं हेच टूल करत नाही. ते पांढऱ्या कुर्त्याच्या जागी निळा रंग ओततं, साडी गायबच राहते, आणि डोळा सांगतो की काचेवर निळा कागद चिकटवलाय. उलटा बदल, म्हणजे गडदचा पांढरा, त्या मानाने सोपा. तिथे काही नवं दाखवायचं नसतं, वरून उजेड मिसळायचा असतो, आणि `Addition` किंवा `Screen` लेयरने तो चांगला मिसळतो.

गडद करताना लपलेली साडी आणायची कुठून? पहिली जागा तोच फोटो. बेरीज आहे, म्हणजे वजाबाकी करता येते. जिम्प या फोटो दुरुस्तीच्या प्रोग्राममध्ये `Image > Precision` मधून `32 bit floating point` आणि `Linear light` निवडा. पांढऱ्या कुर्त्याच्या प्रतिबिंबाच्या आकाराचा लेयर करून `Subtract` लावा, त्याची `Blend Space` `RGB (linear)` ठेवा, आणि लेयरचा करडेपणा हळूहळू वाढवत जा. एका टप्प्यावर साडी उघडी पडते, थोडी दाणेदार, पण खरी. त्यावर निळ्या कुर्त्याचं फिकट प्रतिबिंब `Addition` ने घाला. मूळ फोटोत ती जागा 255 ला टेकलेली असेल तर मात्र तिथे काही उरलेलं नसतं, वजा करून नुसता करडा डाग मिळतो.

लिनियरचा हट्ट का, तर पिक्सेलचे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. वरच्या उदाहरणात प्रकाश 730 वरून 130 वर आला, साधारण 0.18 पट. पिक्सेल 230 असेल तर लोक त्याला 0.18 ने गुणून 41 करतात, आणि काचेत काळं भोक पडतं. बरोबर उत्तर 105 च्या आसपास आहे. लिनियरमध्ये काम केलं की हा हिशेब प्रोग्राम करतो.

फोटो अजून काढायचा असेल तर सगळ्यात सोपी युक्ती वेगळीच आहे. मुलीचा फोटो झाला की फोन न हलवता तिला बाजूला करा, आणि ती उभी होती तिथे कुणालातरी काळी छत्री उघडून काचेकडे तोंड करून धरायला सांगा. छत्रीच्या काळ्या प्रतिबिंबात दुकानाचा आतला भाग स्वच्छ दिसतो. हा दुसरा फोटो हाताशी असला की कुर्ता कुठलाही करा, मागची साडी तयार आहे. पोलरायझर फिल्टरनेही काचेवरचं प्रतिबिंब कमी होतं, आणि काचेच्या लंबापासून 56 अंशांच्या आसपास तिरपं उभं राहिलं तर जवळपास जातंच, पण मग कॅमेऱ्याची जागा आपल्या मर्जीची राहत नाही. घरातल्या आरशावर पोलरायझरचा काही उपयोग नाही, तिथे प्रतिबिंब धातूच्या थरावरून येतं.

काचेतल्या प्रतिबिंबाची कड मूळ फोटोत नीट मोठी करून बघा. जाड काचेला दोन पृष्ठभाग असतात, दोन्ही आपापलं प्रतिबिंब देतात, आणि तिरपं पाहिलं की कड दुहेरी दिसते. मुलीच्या डोक्याला आणि पर्सला दुहेरी कड असेल आणि नव्या कुर्त्याला एकेरी, तर तेवढ्यावरून बनाव उघडा पडतो. पर्सच्या दोन कडांमध्ये किती पिक्सेलचं अंतर आहे ते मोजा, कुर्त्याच्या प्रतिबिंबाची एक फिकी प्रत तेवढीच, त्याच दिशेला सरकवून ठेवा. लेन्सच्या रेघा इथेही चालतात. मात्र मोठी शोकेस दोनतीन काचांची जोडून केलेली असते आणि त्या काचा नेमक्या एका पातळीत क्वचितच असतात. जोडावर प्रतिबिंब थोडं तुटतं. ते मूळ फोटोत जिथे तुटतं तिथेच नव्या कपड्यातही तुटलं पाहिजे. प्रत्येक काचेचा रेघांचा बिंदू वेगळा काढावा लागतो.

सगळं जुळलं तरी जुना रंग कुठेतरी बसलेला असतो

शेवटी फोटो 200 टक्क्यांवर मोठा करून जुन्या रंगाची शिकार करायची. ठरलेल्या जागा आहेत. आरशातल्या फोनची चकचकीत पाठ. हातातल्या बांगड्यांचा आतला भाग, कारण त्या साडीला टेकलेल्या असतात. खाली पॉलिश केलेली फरशी, त्यात साडीचा खालचा काठ उलटा दिसतो. गॉगल. आणि हनुवटीचा खालचा भाग: गडद हिरव्या साडीवरून उडालेला उजेड तिथे हिरवट सावली टाकतो, आणि साडी राणी कलरची झाली तरी ती सावली हिरवीच राहते. बाहेरच्या आकृतीची हनुवटी पाठीमागून दिसत नाही, म्हणून ती तपासायचं सुचत नाही, पण आरशात ती ठसठशीत दिसते. तिथे मऊ ब्रशने `HSL Color` मोडचा लेयर देऊन रंग नव्या साडीकडे थोडा झुकवायचा, `Opacity` 10 ते 20 टक्क्यांवर. जास्त दिलं तर लिपस्टिक पसरल्यासारखं दिसतं.

दोन ठिकाणी मी हात टेकतो. एक, वळणदार काच, म्हणजे दागिन्यांच्या दुकानात कोपऱ्यावर बसवतात तसली. तिथे रेघांचा एक बिंदूच नसतो आणि कपड्याचं प्रतिबिंब ताणून बसवण्यात अख्खी दुपार जाते. दुसरं, समोरासमोर दोन आरसे असलेली ट्रायल रूम. प्रत्येक आकृती आधीच्याच्या उलट, प्रत्येक वेळी लहान आणि थोडी अधिक हिरवट. पहिली दोन प्रतिबिंबं वरच्या पद्धतीने होतात. त्याच्या पुढच्यांसाठी मी बुटीकवाल्यांना सांगतो की एक आरसा बेडशीटने झाका आणि नवा ड्रेस घालून फोटो परत काढा, ते स्वस्त पडेल.